नावाचा मग छापण्याआधी: तपशील कसे घ्यायचे आणि प्रूफवर मंजुरी कशी मिळवायची

साधा मग विकला गेला नाही तर उद्या दुसऱ्याला विकता येतो. ‘चि. शौर्य’ असं छापलेला मग शौर्यच्या घरच्यांनी नाकारला, तर त्याला जगात दुसरं गिऱ्हाईक नाही. नाव टाकलेली भेटवस्तू, फोटोची फ्रेम, मुंजीची किंवा बारशाची पत्रिका विकणाऱ्याचा नफा-तोटा छपाईपेक्षा छपाईच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत ठरतो. मशीन चालवायला आठवड्यात शिकता येतं. ग्राहकाच्या डोक्यातला मजकूर बिनचूक कागदावर आणणं आणि प्रूफवर, म्हणजे छपाईआधी दाखवायच्या नमुना-चित्रावर, त्याचा स्पष्ट होकार घेणं याला मात्र पद्धत लागते, आणि ती कुणी सांगत नाही. मी घरून हेच काम करते. नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी ती पद्धत इथे क्रमानं लिहिते आहे.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे धागा सुटणार नाही. समजा, मुंजीच्या परतभेटीसाठी चाळीस मगांची ऑर्डर आली आहे. बटूचं नाव शौर्य कऱ्हाडकर, मुंज रविवार, २६ एप्रिल २०२६ रोजी. मगाच्या एका बाजूला बटूचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला नाव-तारीख. नाव मी मुद्दाम असं घेतलं आहे. का, ते चौथ्या टप्प्यात कळेल.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- व्हॉट्सॲप बिझनेस (साधं व्हॉट्सॲप नको, लेबलं आणि तयार उत्तरं बिझनेसमध्येच मिळतात)
- प्रत्येक वस्तूसाठी वेगळा तपशील-नमुना, आधीच लिहून ठेवलेला
- मराठी नीट जुळवणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि तीन-चार युनिकोड फॉन्ट, म्हणजे मोबाइलवर टाइप केलेलं मराठी थेट दाखवणारे
- मोजपट्टी आणि तुमच्याकडच्या कोऱ्या मालाची खरी मापं
- प्रत्येक ऑर्डरसाठी एक फोल्डर आणि एक ऑर्डर क्रमांक
- अटींचा छोटा मजकूर: ॲडव्हान्स किती, दुरुस्त्या किती, छपाई कधी सुरू होणार

## १. आधी वस्तू मोजा, मग प्रश्न ठरवा

ग्राहकाला काय विचारायचं हे वस्तूच ठरवते. म्हणून पहिली ऑर्डर घेण्याआधी आपण विकणार त्या प्रत्येक वस्तूवर नेमकं किती आणि कुठे छापता येतं ते मोजून लिहून ठेवा.

आपला मग घ्या. नेहमीच्या अकरा औंसाच्या पांढऱ्या मगावर साधारण २० सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच एवढी जागा मिळते. कान जिथे चिकटलेला असतो तिथे मग तापवणारी प्रेस नीट दाबत नाही. म्हणून दोन्ही कडांना एक सेंटिमीटर जागा मोकळी सोडायची, नाव तिथे न्यायचं नाही. ही छपाई सब्लिमेशनची, म्हणजे शाई उष्णतेनं मगाच्या लेपात शिरते. त्यामुळे लेप दिलेलाच मग लागतो, किराणा दुकानातला चालत नाही. शिवाय या शाईत पांढरा रंग नसतो. डिझाइनमधला पांढरा म्हणजे तिथला न छापलेला मग. ‘काळ्या मगावर पांढऱ्या अक्षरात नाव हवं’ असं कुणी म्हणालं, तर हे तेव्हाच सांगायचं. प्रूफच्या वेळी सांगितलं तर ग्राहकाला तुम्ही शब्द फिरवल्यासारखं वाटतं.

आणखी एक प्रश्न नवे लोक हमखास विसरतात: नाव कुणाला दिसायला हवं, पिणाऱ्याला की समोर बसलेल्याला? उजव्या हातात मग धरला की कान उजवीकडे असतो, आणि पिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो तो सपाट डिझाइनचा उजवा अर्धा भाग. डावा अर्धा भाग समोरच्याला दिसतो. परतभेटीत बहुतेकांना फोटो स्वतःकडे आणि नाव-तारीख बाहेर हवी असते, पण गृहीत धरू नका. हा प्रश्न तपशील-नमुन्यातच घाला.

कापून केलेल्या लाकडी नावाच्या पाट्या विकत असाल तर प्रश्न वेगळे. अक्षरं शिरोरेषेनं एकमेकांना धरून राहतात, पण अनुस्वाराचा ठिपका कशालाच चिकटलेला नसतो. ‘चंद्रकांत’ हे नाव लेझरनं कापलं की दोन ठिपके सुटे होऊन हातात येतात. मागे फळी देणार, की ठिपका शिरोरेषेला जोडणार, हे ऑर्डर घेतानाच बोलायचं, कारण त्यानं दिसणं आणि किंमत दोन्ही बदलतात.

## २. तपशील एकदाच, लेखी आणि देवनागरीत घ्या

फोनवर तपशील घेऊ नका. बोलायला हरकत नाही. उलट पहिलं बोलणं फोनवरच होऊ द्या, माणूस कळतो. पण शेवटी म्हणा, ‘ताई, आता मी एक मेसेज पाठवते, तेवढा भरून द्या. त्यात असेल तेच छापलं जाईल.’

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये हा मेसेज तयार उत्तर म्हणून साठवता येतो. `/mug` असं टाइप केलं की पूर्ण नमुना समोर येतो. माझा मगाचा नमुना असा:

> ऑर्डर क्र.: ____
> १. मगावर छापायचं नाव, देवनागरीत, जसंच्या तसं:
> २. नावाखालचा मजकूर (ओळीनुसार):
> ३. तारीख आणि वार:
> ४. नाव पिणाऱ्याकडे की समोरच्याकडे?
> ५. किती मग? सगळे सारखे की प्रत्येकावर वेगळं नाव?
> ६. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.
> ७. वस्तू कोणत्या तारखेला हातात हवी?
> ८. प्रूफ पाहून ‘छापा’ असं सांगणारी एक व्यक्ती: नाव आणि नंबर

देवनागरीचा आग्रह का? लोक सवयीनं रोमन अक्षरांत लिहितात. `Rutuja` वाचून तुम्ही ऋतुजा लिहाल आणि तिच्या शाळेच्या दाखल्यावर रुतुजा असेल. ज्याला त्याला आपलं नाव जसं लिहायची सवय आहे तसंच छापायचं. शुद्धलेखनाची बाजू घेऊन भांडायची ही जागा नव्हे. शंका आली तर विचारा, पण मनानं सुधारू नका. ज्यांना मराठी टाइप करता येत नाही, त्यांना कागदावर ठळक लिहून फोटो पाठवायला सांगा. निमंत्रणपत्रिकेसाठी तर हातानं लिहिलेला कागद उत्तमच, कारण घरातल्या ज्येष्ठांनी तो आधीच वाचलेला असतो.

वार मुद्दाम वेगळा मागायचा. तारीख आणि वार जुळला नाही तर दोन्हींपैकी एक चूक आहे हे तिथेच कळतं. २६ एप्रिल २०२६ ला रविवार आहे. ग्राहकानं ‘शनिवार, २६ एप्रिल’ लिहिलं तर नुसतं ‘शनिवार’चं ‘रविवार’ करून मोकळे होऊ नका. कदाचित मुंज शनिवारीच असेल आणि तारीख २५ असेल. कोणतं बरोबर ते तेच सांगू शकतात.

गूगल फॉर्म वापरावा का, असं बरेच जण विचारतात. पन्नास वेगवेगळी नावं घ्यायची असतील, उदाहरणार्थ कार्यालयातल्या सगळ्यांसाठी डायऱ्या, तर फॉर्म किंवा शीट चांगली. मात्र फॉर्ममधून फोटो चढवायला समोरच्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, आणि तिथेच आजीआजोबा अडतात. फोटो वेगळा घ्या.

आठवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मुंज म्हटलं की आई, वडील, आत्या, मोठे काका सगळ्यांना मत असतं, आणि ते असूही दे. फक्त तुमच्याशी बोलणारी व्यक्ती एकच हवी. ग्राहक तुम्हाला घरच्या ग्रुपमध्ये घ्यायला लागला तर नम्रपणे नाही म्हणा: ‘तुम्ही घरी विचारून घ्या, मला मात्र तुमचंच उत्तर चालेल.’ ग्रुपमध्ये एकाचा होकार दुसऱ्याच्या सूचनेखाली गाडला जातो, आणि मग प्रूफ कुणी मंजूर केलं यावर घरातच मतभेद होतात.

## ३. फोटो तपासूनच घ्या

व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. म्हणून ॲटॅचच्या खुणेवर जाऊन ‘डॉक्युमेंट’ निवडायला सांगायचं. तसा पाठवला की मूळ फाइल येते. स्क्रीनशॉट आणि स्टेटसवरून उचललेले फोटो सरळ परत करा.

फोटो पुरेसा आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका, हिशेब करा. मगावर फोटो ८ सेंटिमीटर रुंद छापायचा, तर चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं साधारण ९४५ पिक्सेल रुंदी लागते. १६०० पिक्सेलचा फोटो आला की पुरेसा वाटतो. पण तो बारा जणांचा ग्रुप फोटो असेल आणि त्यातून फक्त बटू कापून घ्यायचा असेल, तर त्याच्या वाट्याला जेमतेम अडीचशे पिक्सेल येतात. ते ८ सेंटिमीटरवर ताणले की इंचाला ऐंशीच्या आसपास ठिपके उरतात आणि चेहरा धूसर दिसतो. मोबाइलच्या पडद्यावर तोच चेहरा छान दिसतो, म्हणून ग्राहकाला पटत नाही. अशा वेळी कापलेला भाग प्रत्यक्ष मापात कागदावर छापून त्याचा फोटो पाठवा, लगेच पटतं.

कार्टूनमधली पात्रं आणि सिनेमातली चित्रं वापरून मग करून द्या, अशी मागणी बारशा-वाढदिवसाला रोज येते. ती चित्रं कुणाच्या तरी मालकीची असतात, आणि परवानगी नसताना ती छापून विकणारे तुम्ही असता, ग्राहक नव्हे. मी नाही म्हणते आणि त्याच रंगातलं स्वतःचं काहीतरी सुचवते. बहुतेक आया मान्य करतात.

## ४. मराठी अक्षरं जुळवणं: खरी गोम इथे आहे

इंग्रजी नाव छापणाऱ्याला हा टप्पा लागतच नाही. आपल्याला तो सर्वांत जास्त खातो, म्हणून इथे थोडं थांबू.

ग्राहकानं मोबाइलवर लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. आपल्याकडच्या अनेक छापखान्यांत, विशेषतः पत्रिकांच्या कामाला, अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात. युनिकोड मजकूर तिथे तसाच चिकटवला की कचरा दिसतो, म्हणून तो कन्व्हर्टरमधून बदलून घेतात. या बदलात साधी अक्षरं नीट जातात, पण काही जोडाक्षरं फिरतात किंवा गळतात. त्यामुळे ग्राहकाकडून अचूक मजकूर आला हे पुरेसं नाही. बदल झाल्यावर तो मूळ मजकुराशी अक्षर न् अक्षर ताडून पुन्हा वाचावा लागतो.

आता आपल्या बटूचं नाव पाहा. ‘शौर्य’मध्ये र्य आहे, रफार डोक्यावर. ‘कऱ्हाडकर’मध्ये ऱ्ह आहे, तिथे र आडवा होऊन ह ला चिकटतो, डोक्यावर जात नाही. साध्या र ला हलन्त देऊन ह लिहिला तर संगणक त्याचा रफार करतो आणि ‘कर्हाडकर’ उमटतं. ते चूक आहे. त्यासाठी कीबोर्डवरचा खाली नुक्ता असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग ह. तऱ्हा, बऱ्हाणपूर, सुऱ्या, वाऱ्यावर, सगळीकडे हाच नियम. पडद्यावर लहान आकारात दोन्ही रूपं सारखीच वाटतात, म्हणून नाव मोठं करून पाहा. काही सजावटी फॉन्टमध्ये हे जोडाक्षर मुळातच नसतं आणि पाय मोडलेला ऱ् दिसतो. तसं दिसलं तर फॉन्ट बदला, नाव मोडू नका.

दुसरी मोड वेलांटीची. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये मजकुराची भारतीय मांडणी चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘शिवानी’चा विचका होतो. सेटिंगमध्ये टाइप या विभागात फोटोशॉपला `World-Ready Layout` किंवा जुन्या आवृत्तीत `Middle Eastern and South Asian`, आणि इलस्ट्रेटरला `Show Indic Options` हा पर्याय असतो, तो चालू करून सॉफ्टवेअर पुन्हा उघडायचं. हे न करता अक्षरं एकेक हलवून जागेवर बसवणारे लोक मी पाहिले आहेत. ते कधीतरी चुकतातच.

फॉन्टसाठी पैसे घालवायची गरज नाही. गूगल फॉन्ट्सवर `Mukta`, `Baloo 2`, `Modak` हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांचा परवाना व्यावसायिक छपाईलाही चालतो. बारशाच्या कार्डाला जाडजूड गोलसर मोदक छान दिसतो. पत्ता आणि वेळेसाठी मात्र मुक्ताच घ्या. मोदकमध्ये बारीक आकारात अक्षरांची पोटं भरून जातात.

काम संपलं की छपाईच्या फाइलमध्ये मजकुराचे कर्व्ह करून घ्या, अक्षरं नुसत्या आकारांत बदला, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी अक्षरं बदलणार नाहीत. मजकूर सुधारता येईल अशी मूळ फाइल वेगळी ठेवा.

पत्रिका करणाऱ्यांसाठी एक खास धोक्याची सूचना. आधीच्या ग्राहकाची फाइल उघडून तिच्यात नावं बदलायची सवय सगळ्यांना असते, वेळ वाचतो. पण त्या फाइलमधल्या आजोबांच्या नावामागचं ‘कै.’ राहून गेलं आणि नव्या घरातले आजोबा हयात असले, तर पैसे परत करूनही ते घर तुमच्याकडे पुन्हा येणार नाही. मजकूर नसलेली कोरी फाइल प्रत्येक प्रकारासाठी तयार ठेवा आणि नेहमी तीच उघडा. श्री., सौ., श्रीमती, कै., चि., कु. ही सगळी अक्षरं ग्राहकाकडूनच लिहून घ्या, स्वतःच्या अंदाजानं कधीच लावू नका.

## ५. पैसे आणि दुरुस्त्या: प्रूफच्या आधी बोलून घ्या

प्रूफ करायला वेळ जातो, म्हणून ॲडव्हान्स आल्याशिवाय प्रूफ करायचं नाही. मगाचा दर दोनशे धरला तर चाळीस मगांचे आठ हजार. मी निम्मे, म्हणजे चार हजार, आधी घेते आणि उरलेले माल नेताना. त्याबरोबर तीन गोष्टी मेसेजमध्ये लिहून पाठवते: दोन वेळा दुरुस्ती मोफत आणि त्यापुढे प्रत्येक वेळी ठरलेली रक्कम, मंजुरीनंतर बदल होणार नाही, मंजुरी अमुक तारखेपर्यंत आली नाही तर माल त्याच दिवशी मिळेल याची खात्री नाही.

‘दुरुस्ती’ कशाला म्हणायचं तेही सांगा. तुमच्या टायपिंगची चूक सुधारणं ही दुरुस्ती नव्हे, ती कितीही वेळा फुकट. ग्राहकाला आता फोटोऐवजी गणपती हवा आहे, ही दुरुस्ती. हा फरक आधी बोललेला असला की पैसे मागताना अवघडायला होत नाही.

तारखा उलट्या दिशेनं मोजा. मुंज रविवार, २६ तारखेला. परतभेट बांधायला घरच्यांना वेळ हवा, म्हणून माल सोमवार, २० तारखेला द्यायचा. एका मगाला प्रेसमध्ये सुमारे तीन मिनिटं, कागद चिकटवणं-काढणं धरून पाच, म्हणजे चाळीस मगांना साडेतीन तासांच्या आसपास. ऐकायला थोडं वाटतं, पण त्यात छपाई, सॅम्पल, पॅकिंग आणि वीज जाणं मिळवा आणि तीन दिवस धरा. म्हणजे मंजुरी बुधवार, १५ तारखेपर्यंत यायला हवी. ही तारीख ग्राहकाला पहिल्या दिवशीच कळवायची.

## ६. प्रूफ असं करा की चूक लपणार नाही

प्रूफचं काम चूक दाखवणं हे आहे, छान दिसणं नव्हे. नवे विक्रेते मगाचं चकचकीत चित्र पाठवतात, ग्राहक ‘वा, मस्त’ म्हणतो आणि नाव वाचतच नाही. म्हणून मी दोन चित्रं पाठवते. एक मगावर कसं दिसेल ते. दुसरं सपाट, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, फक्त मजकूर मोठ्या अक्षरांत, ओळी जशा पडणार तशा. तपासणी दुसऱ्या चित्रावर होते.

प्रूफ नेहमी चित्र म्हणूनच जाऊ दे. मजकूर टाइप करून ‘असं छापू ना?’ विचारणं म्हणजे प्रूफ नव्हे, कारण फॉन्टमुळे मोडलेलं जोडाक्षर टाइप केलेल्या मेसेजमध्ये दिसणारच नाही. ग्राहकाच्या मोबाइलवर ‘कऱ्हाडकर’ बरोबर दिसेल आणि तुमच्या मगावर ‘कर्हाडकर’ येईल.

प्रत्येक चित्रावर एका कोपऱ्यात ऑर्डर क्रमांक, प्रूफ क्रमांक, तारीख आणि खरं माप लिहा, आडवा फिका ‘नमुना’ शिक्का मारा. शिक्क्याचा एक फायदा असा की चित्र घेऊन स्वस्त दुकानात छापून आणणारे थोडे कमी होतात. फाइलचं नावही तसंच: ऑर्डर ११४ च्या प्रूफ २ ला `M114_P2.jpg`. दुरुस्ती झाली की प्रूफ २ नवं पाठवा. जुनं प्रूफ १ चॅटमध्ये राहतंच, आणि क्रमांक नसेल तर ‘बरोबर आहे’ हे कुठल्या चित्राला म्हटलं ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

रंगाबद्दल एक वाक्य सोबत लिहाच: पडद्यावरचा रंग आणि मगावरचा रंग थोडा वेगळा दिसेल. गडद निळा आणि केशरी यांत फरक जास्त जाणवतो. ग्राहक साडीच्या रंगाशी जुळवायला निघाला असेल तर त्याला सॅम्पल दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्वतः कसं तपासायचं? ज्यानं टाइप केलं त्याला चूक दिसत नाही, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. एकानं ग्राहकाचा मूळ मेसेज मोठ्यानं वाचायचा, काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवत जायचं. तारीख आणि वार कॅलेंडरवर पाहायचा. फोन नंबर दोन-दोन आकडे करून वाचायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

## ७. मंजुरी: अंगठा चालत नाही

प्रूफसोबत हा मेसेज पाठवा:

> ऑर्डर ११४, प्रूफ २. कृपया शांतपणे वाचा आणि घरातल्या ज्येष्ठांनाही दाखवा. नाव, मजकूर, तारीख, वार आणि नावाची बाजू तपासा. सगळं बरोबर असेल तर या चित्राला उत्तर म्हणून असं लिहा:
> ‘ऑर्डर ११४, प्रूफ २ तपासलं, सगळं बरोबर. छापा.’
> यानंतर बदल करता येणार नाही.

ग्राहकाला हे वाक्य तयार दिलं की काम सोपं होतं. तो अंगठा पाठवतो, ‘ओके’ लिहितो किंवा फोन करून ‘हो हो, करा सुरू’ म्हणतो. तिन्हींना माझं उत्तर एकच, गोड आवाजात: ‘दादा, तेवढं वाक्य टाका ना, मी लगेच छपाईला लावते.’ लोक चिडत नाहीत. उलट वाक्य लिहिताना निम्मे जण पुन्हा एकदा प्रूफ उघडतात, आणि खरी चूक तेव्हाच सापडते.

चित्राला ‘रिप्लाय’ करून उत्तर घेणं महत्त्वाचं, म्हणजे होकार त्याच चित्राला जोडलेला राहतो. व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यानंतर पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, आणि पुसता तर त्यानंतरही येतो. म्हणून मंजुरी येताच स्क्रीनशॉट काढून ऑर्डरच्या फोल्डरमध्ये टाका. लेबल ‘प्रूफ पाठवलं’वरून ‘मंजूर’ करा. ‘मंजूर’ लेबल नसलेल्या चॅटचं काम प्रेसवर घ्यायचं नाही, हा नियम मदतनीस ठेवला तर त्यालाही लागू.

उत्तरच आलं नाही तर? एक दिवस थांबून आठवण, दुसऱ्या दिवशी फोन. तरीही शांतता असेल तर छापू नका. ‘बहुधा बरोबरच असेल, वेळ कमी आहे’ असं म्हणून लोक छापून टाकतात, आणि तेव्हाच ग्राहकाचा मेसेज येतो की मुहूर्त बदलला.

मंजुरीनंतर बदल मागितला तर आधी प्रेस सुरू झाली आहे का ते पाहा. नसेल तर दुरुस्ती करा, पण जुनी मंजुरी रद्द समजून नव्या क्रमांकाचं प्रूफ पाठवा आणि पुन्हा तेच वाक्य लिहून घ्या. ‘फक्त एक अनुस्वार तर आहे’ म्हणून हा टप्पा गाळायचा नाही.

## ८. चाळीस छापण्याआधी एक छापा

सॅम्पल मग छापा, दिवसाच्या उजेडात चारही बाजूंनी त्याचे फोटो काढा आणि पाठवा. नाव ठरलेल्या बाजूला आहे ना, कागद छापताना मिरर करायचा राहिला नाही ना, कानाजवळ अक्षर फिकं पडलं नाही ना, एवढं पाहायचं. मिरर विसरला तर अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी उमटतात. चाळीसच्या ऑर्डरला बेचाळीस कोरे मग ठेवा. सॅम्पल त्यातूनच, आणि एखादा फुटतो किंवा डाग पडतो.

सगळ्यांवर वेगळी नावं असतील तर सॅम्पल एकाच नावाचं छापून भागत नाही. सगळी नावं एका पानावर, क्रमांक घालून, एकच प्रूफ म्हणून पाठवा आणि यादीतला सर्वांत लांब आणि सर्वांत आडवळणी नावाचा मग सॅम्पल म्हणून छापा. ते बसलं की बाकीची बसतात.

## ९. चूक निघालीच तर कुणाची?

फोल्डर उघडा. मंजूर प्रूफमध्येच चूक असेल तर खर्च ग्राहकाचा. मी मात्र अशा वेळी फक्त मालाच्या किमतीत पुन्हा छापून देते, मजुरी घेत नाही. हा ज्याचा त्याचा निर्णय. मंजूर प्रूफ बरोबर आणि मगावर वेगळं उमटलं असेल, किंवा फोटो डागाळला असेल, तर पूर्ण जबाबदारी तुमची. ‘कस्टमाइज्ड माल परत घेतला जाणार नाही’ असं लिहून ठेवल्यानं त्यातून सुटका होत नाही. ऑनलाइन विक्रीसाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा सांगितल्यापेक्षा वेगळी असेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणून अटींत वाक्य असं असू दे: ‘मंजूर प्रूफप्रमाणे बनलेला माल परत घेतला जात नाही, प्रूफपेक्षा वेगळा किंवा सदोष निघाल्यास आम्ही विनामूल्य बदलून देतो.’ माल मिळाल्यावर किती दिवसांत कळवायचं तेही लिहा, आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढायला सांगा. फुटलेला मग कुरिअरमध्ये फुटला की घरात, यावरचा वाद त्यानं मिटतो.

## १०. ऑर्डर संपल्यावर

मंजूर प्रूफ, मंजुरीचा स्क्रीनशॉट आणि कर्व्ह न केलेली मूळ फाइल जपून ठेवा. मुंजीनंतर आठवड्याभरात ‘पाच मग कमी पडले, तसेच हवेत’ असा फोन येणं अगदी नेहमीचं. तेव्हा प्रूफ पुन्हा लागत नाही, फक्त ‘ऑर्डर ११४, प्रूफ २ प्रमाणेच आणखी पाच’ एवढं लिहून घ्या. त्यांचा दर वेगळा असेल तर पहिल्या ऑर्डरच्या वेळीच सांगून ठेवा.

ग्राहकाचे घरचे फोटो, विशेषतः मुलांचे, काम संपल्यावर फोनच्या गॅलरीतून काढून टाका. मगाचा फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरायचा असेल तर तपशील-नमुन्यात नववा प्रश्न घाला: ‘तयार वस्तूचा फोटो आम्ही इतरांना दाखवला तर चालेल का? हो/नाही.’ ‘नाही’ आलं किंवा जागा रिकामी राहिली, तर तो मग फक्त त्या घरापुरता. दाखवण्यासाठी एखादं कल्पित नाव टाकून वेगळा मग छापून ठेवा.